कपाट खाली करा

राजारामकाकांच्या घरातून एखादं पुस्तक बाहेर गेल्याचं लखनौच्या जानकीपुरमात कुणी पाहिलं नव्हतं. औषधांच्या संशोधनात सगळी नोकरी केलेला हा माणूस आल्यागेल्याला चहा देई, चकली देई, पुस्तक मागितलं की म्हणे, "बसा की, इथेच वाचा."

त्यांचा पुतण्या अनुप जन्माने लखनौचाच. चिनहटच्या पलीकडे एका खेड्यात तो शाळेत शिकवायचा. पंचायतीने त्याला वाचनालयासाठी खोली दिली होती. खोलीला खिडकी होती, दाराला कुलूप होतं, आत पुस्तकं नव्हती. त्याने फोन केला तेव्हा काका म्हणाले, "मराठीत पत्र लिही, मग बघू." जन्मभर मराठी ऐकून हिंदीत उत्तर देणारा पोरगा पत्र कुठलं लिहितोय! काकांनी फोन ठेवला तो निर्धास्त मनाने.

आठवड्याभरात पत्र आलं.

"ती. काकांना नमस्कार. इथले लोक हिंदी वाचतात, म्हणून तुमची हिंदी पुस्तकं हवीत. गोष्टी, चरित्रं, मुलांना समजेल असं विज्ञान. आजीबाईंसाठी मोठ्या अक्षरांची असली तर उत्तम. परीक्षेची गाइडं नकोत. लोकांनी ती पोती भरभरून दिली आहेत आणि त्यांना कुणी हात लावत नाही. रविवारी गाडी घेऊन येतो. तोपर्यंत बैठकीतलं कपाट खाली करून ठेवा."

काकांनी शेवटची ओळ पुन्हा वाचली आणि त्यांचा चेहरा उजळला.

"विनया, पोरगं कपाट मागतंय! खाली आणून ठेवा म्हणतो."

"पुस्तकं मागतोय तो," विनयाकाकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तीही मागतोय. पण आधी कपाट नको का? कपाट देऊ. पुस्तकांचं सावकाश बघू."

म्हणजे कधीच नाही, हे काकूंना कळलं.

रविवारी सकाळी दोन हमाल आले. लोखंडी कपाट भरलेलं उचलेना, तेव्हा काकांनी सगळी पुस्तकं काढून दिवाणावर, खुर्च्यांवर, जमिनीवर रचली. मग "भैया, सँभल के! दीवार, दीवार!" करत ते धूड दोन जिने उतरून रस्त्यावर उभं राहिलं. शेजाऱ्यांना वाटलं, मराठी साहब घर सोडून चालले.

अनुप छोटा टेम्पो घेऊन आला. कपाटाभोवती एक फेरी मारून म्हणाला, "काका, ये अलमारी सड़क पे क्यों खड़ी है?"

"तूच लिहिलंस ना, खाली करा म्हणून!"

"हाँ, तो खाली! माने अंदर कुछ न रहे!"

गॅलरीतून काकू इतक्या हसल्या की त्यांना कठडा धरावा लागला. "अरे, त्याला मराठीत रिकामं म्हणतात, रिकामं!"

अनुपने कपाटाचं दार उघडून पाहिलं. "वो भी हो गया, काका. दोन्ही भाषेत खाली आहे."

काका तडक जिना चढले. वर जाऊन पाहतात तर पुस्तकं बांधाबांधीची वाट पाहत असल्यासारखी पसरलेली. ती परत ठेवायला कपाट नाही, आणि कपाट पुन्हा वर चढवायला हमाल तयार नाहीत.

मग वाटाघाटी सुरू झाल्या. मराठी पुस्तकांना हात लावायचा नाही, हे लगेच ठरलं. हिंदी पुस्तकं काका एकेक छातीशी धरायचे आणि अनुप शांतपणे विचारायचा, "शेवटचं कधी उघडलं होतंत?"

"तिथे नोंद कशी ठेवणार?" काकांनी विषय बदलला.

"दाखल नोंदवही आहे. प्रत्येक पुस्तकाला एक नंबर, देणाऱ्याचं नाव, पहिल्या पानावर शिक्का. शेवटच्या पानावर चिठ्ठी चिकटवतो, तिच्यावर परतीची तारीख. पंधरा दिवस."

"फाटलं तर?"

"गोंद लगाएँगे."

"आणि मला परत कधी?"

अनुप हसला नाही. "दिलेलं परत येत नाही, काका. पण तुम्ही सभासद होऊ शकता."

दुपारपर्यंत दिवाण मोकळा झाला, हिंदी पुस्तकं आणि कपाट टेम्पोत चढलं. नंबर वेडेवाकडे घातले जातील या शंकेने काका स्वतः टेम्पोत चालकाशेजारी जाऊन बसले. गावात वाचनालय सांभाळणारी प्रतिमा नावाची तिथलीच एक सून शिक्का हळूच, शाई न पसरवता मारत होती. काकांनी नंबर घातले. एका मुलीने ताऱ्यांवरचं पुस्तक उघडलं आणि उभ्या-उभ्याच वाचू लागली. काकांच्या तोंडाशी "बस की, इथेच वाच" आलं होतं. पण प्रतिमाने तोवर तारीख लिहून ते पुस्तक तिच्या हाती दिलंही. मुलगी दाराबाहेर गेली. काका ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत बघत राहिले, मग पुढचा नंबर घालू लागले.

निघताना त्यांनी दुसऱ्या कुणी दिलेली एक खुनाची कादंबरी सभासद म्हणून उचलली.

परवा प्रतिमाचा फोन आला. "अंकलजी, तारीख निकल गई. तीन लोग लाइन में हैं."

"बस बेटा, थोडेसेच पन्ने राहिलेत," काका घाईघाईने म्हणाले आणि फोन काकूंच्या हातात देऊन पुन्हा वाचायला बसले.