पत्रिकेत नवरीचं नाव नसतं म्हणे

जव्हारच्या बाजारात आमचा छापखाना आहे. सासऱ्यांनी सुरू केला, नवऱ्याने कंटाळत चालवला आणि आता तो माझ्या गळ्यात आहे. लग्नपत्रिका हा आमचा मुख्य धंदा. मराठी पत्रिका मी झोपेत जुळवून देईन. 'श्रीकृपेकरून'पासून ते 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं'पर्यंत सगळं तोंडपाठ. पण अरबी? अरबी पत्रिका मी आयुष्यात एकदाच छापली आणि पुन्हा कुणी सोन्याचं पान दिलं तरी छापणार नाही.

काम आणलं माझ्या मैत्रिणीने. आम्ही दोघी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे ती नर्स झाली. मोखाडा तालुक्यातले पाडे पायाखाली घालते, जीप जाईल तिथवर जीपने, पुढे लशीचा डबा खांद्याला लावून पायी. सूर्यमाळकडच्या कित्येक बाळांना पहिली लस तिच्या हातची. तिचा नवरा मुलगी पाळण्यात असताना कुवेतला गेला आणि तिथूनच तलाक पाठवून मोकळा झाला. नंतर परत येऊन भिवंडीत दुसरा संसार थाटला. मुलीचा ताप, शाळा, फार्मसीचं कॉलेज, कशाकशाला फिरकला नाही. आता त्या मुलीचं लग्न ठरलं होतं. मुलगा आणि त्याचे आईवडील कुवेतमध्ये राहणारे, मूळचे आपल्याच बाजूचे. निकाह जव्हारला, वलीम्याची मेजवानी कुवेतला.

निकाहची मराठी पत्रिका मी छापलीच होती. त्यात मुलीचं नाव ठळक आणि निमंत्रक म्हणून एकटी आई. कुणाची हूं नाही की चूं नाही. मग व्याह्यांचा फोन आला, की वलीम्याला त्यांचे अरब साहेब येणार, त्यांच्यासाठी अरबी पत्रिका हवी आणि ती इथूनच छापून न्यायची. मैत्रीण म्हणाली, "माझ्या पोरीचं काही दुसऱ्याकडे छापायचं नाही. तूच कर." मी पण शहाणी, हो म्हणून बसले!

मजकूर व्हॉट्सॲपवर आला. मी तो उचलून आमच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला, सोनेरी वेलबुट्टी काढली, नमुना छापला. किती सुबक दिसत होता! मशिदीतले मौलाना समोरूनच चालले होते, त्यांना हाक मारून दाखवला. त्यांनी कागद हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाले, "ताई, हे काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे?"

"अक्षरं एकमेकांना जोडलेली हवीत. तुमच्या मशीनने सगळी सुटी केली. आणि ओळ डावीकडून लावलीय. शेवटचं अक्षर पहिलं आलंय."

डोक्याला हात लावला मी. नवं सॉफ्टवेअर घालून घेतलं, पुन्हा जुळवलं, तर घडी चुकली. अरबी पत्रिका आपल्या उलट उघडते, घडीची बाजू उजव्या हाताला. तीही सुधारली. मग तारीख. मजकुरात लिहिलं होतं गुरुवारची संध्याकाळ आणि लगेच पुढे शुक्रवारची रात्र. मला वाटलं व्याह्यांची नजरचूक असेल, म्हणून मी मौलानांना न विचारताच शुक्रवार काढून टाकला. मौलानांनी सोबत हिजरी तारीखही भरून दिली, आपल्या मशिदीच्या कॅलेंडरवरून. नमुना कुवेतला पाठवला आणि व्याह्यांचा व्हिडिओ कॉल.

"भाभी, शुक्रवार का काढला? इकडे सूर्य मावळला की पुढचा दिवस लागतो. गुरुवारची संध्याकाळ म्हणजेच शुक्रवारची रात्र. दोन्ही लिहायचं, तोच दस्तूर आहे. आणि हिजरी तारीख एक दिवस मागे आलीय."

"मौलानांनी दिलीय ती."

"ती जव्हारची आहे, भाभी! चाँद इकडे आधी दिसतो, तिकडे आपल्याकडे बहुतेक वेळा एक दिवस उशिरा. इकडची हिजरी लिहा, त्याच्यापुढे 'म्हणजेच' म्हणून इंग्रजी तारीख. नाहीतर लोक म्हणतील, हे लग्न आहे कुठल्या दिवशी?"

एका चंद्राच्या दोन तारखा! मी मौलानांकडे बघितलं, मौलाना छताकडे बघत होते. बरं, ते अर्थ तरी छान समजावून सांगायचे, तेवढीच करमणूक. वर अल्लाहचं नाव, मग पतिपत्नीच्या प्रेमाची कुराणातली आयत. मग अमुक साहेबांना आपणास निमंत्रण देण्याचा मान लाभतो आहे. आपल्या येण्याने आमचा आनंद पुरा होवो, आपली घरं कायम आनंदाने भरलेली राहोत. आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात एक ओळ: मुलांचा स्वर्ग त्यांच्या घरीच.

"म्हणजे काय?"

"म्हणजे लेकरं आणू नका." मौलाना हसले.

बघा! आपल्याकडे शेंबड्या पोरांच्या नावाने आग्रह छापतात, आणि हे केवढ्या गोड बोलीत त्यांना घरी बसवतात.

मैत्रीण नमुना बघायला आली ती ड्यूटीवरून थेट, साडीवरच्या धुळीसकट. ती रोज कुराण वाचते, त्यामुळे अक्षरं तिला लागतात, अर्थ मात्र नाही. तिने ओळीखालून बोट फिरवत वाचायला सुरुवात केली. व्याह्यांचं नाव आलं, जावयाचं नाव आलं, तशी तिच्या चेहऱ्यावर हसू. पुढे बोट थांबलं. तिथे तिच्या सोडून गेलेल्या नवऱ्याचं नाव होतं.

तिने ओळ पुन्हा वाचली. मागे गेली, पुढे आली. "माझ्या पोरीचं नाव कुठाय?"

मौलाना घसा खाकरून म्हणाले, "इथे 'करीमा' आहे ना. 'अमुक साहेबांची करीमा'. म्हणजे सन्माननीय कन्या. अरबांच्या पुरुषांच्या पत्रिकेत घरच्या बायकांचं नाव लिहीत नाहीत. इज्जत म्हणून."

"इज्जत?" मीच ओरडले. "जिचं लग्न तिचं नाव नाही, जिने वाढवली तिचं नाव नाही, आणि जो तोंड काळं करून गेला त्याचं सोनेरी अक्षरांत? हे मी माझ्या हाताने छापू?"

फोन लावला कुवेतला. व्याही बिचारे वाईट माणूस नाहीत, पण दस्तूर म्हटलं की त्यांचं घोडं अडलंच. बाईच्या नावाने 'करीमा' लिहिता येत नाही, साहेब लोक विचारतील मुलगी कुणाची, वगैरे वगैरे. मी म्हटलं, मग तिच्या माहेरच्या घराण्याचं नाव टाका, अमुक घराण्याची लेक म्हणून. तर इथे मौलाना आडवे. "नाही ताई. मुलीला तिच्या बापाच्याच नावाने हाक मारायची, हा कुराणाचा हुकूम आहे. बाप कसाही असो." कसाही असो! मी इतकी चिडले की समोरचा चहा तसाच गार झाला.

मैत्रिणीने मात्र कागद माझ्याकडे सरकवला. म्हणाली, "राहू दे त्याचं नाव. पोर त्याचीच आहे, ते काय खोटं नाही."

"तू वेडी आहेस का गं?"

"राहू दे म्हटलं ना."

मला वाटलं संपलं. कसलं संपतंय! कुवेतला बायकांचा हॉल वेगळा, म्हणून बायकांची पत्रिकाही वेगळी. ती दोन्ही आयांच्या वतीने. मजकूर आला, मौलाना वाचू लागले आणि मधेच अडखळले. कपाळावर आठ्या.

"आता काय?"

"इथे 'हरम' लिहिलंय. हा मोठा अदबीचा शब्द आहे. अमुक साहेबांची पत्नी." त्यांनी मैत्रिणीकडे न बघता कागद खाली ठेवला. "व्याहीणबाईंना बरोबर आहे. पण यांना त्या माणसाची पत्नी लिहिलंय. तलाक होऊन इतकी वर्षं झाली. हे लिहिता यायचं नाही. हे खोटं आहे."

मैत्रीण खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. एवढ्या वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. कागद माझ्या अंगावर टाकून म्हणाली, "पोरीचं नाव खाल्लं, मी काही बोलले नाही. पण मी त्याची बायको नाही! मी मेले तरी त्याची बायको म्हणून कुणाला जेवायला बोलवणार नाही."

मुलगी तेवढ्यात आईला न्यायला आली होती. दारातच तिने सगळं ऐकलं. तिने आपल्या होणाऱ्या सासूला फोन लावला, स्पीकरवर, आम्हा सगळ्यांसमोर. "मम्मी, माझं नाव नसलं तरी चालेल. ज्याच्याशी लग्न करतेय त्याला ते ठाऊक आहे. पण बायकांच्या पत्रिकेत माझ्या आईचं नाव पाहिजे. नुसतं तिचं. ते नसेल तर वलीम्याला मी येणार नाही."

मला तर लग्न मोडतंय आता, असंच वाटलं. पलीकडून आधी व्याह्यांची कुजबूज ऐकू आली, दस्तूर, दस्तूर. मग व्याहीणबाईंचा आवाज. "तुम्ही गप्प बसा हो. बायकांची पत्रिका बायकाच वाचणार. तिथे कसली इज्जत जाते?" आणि आम्हाला म्हणाल्या, "बेटी, लिहा. वराची आई म्हणून माझं नाव, वधूची आई म्हणून तिचं. मला पण एवढ्या पत्रिकांत 'हरम'च लिहीत आलेत. एकदा माझंही नाव बघू दे."

मौलाना म्हणाले, "यात काही हरकत नाही. हे खरंच आहे." आणि मला वाटतं त्यांनाही बरं वाटलं, कारण उरलेला सगळा मजकूर त्यांनी स्वतः बसून तपासून दिला.

पत्रिका झाल्या. पुरुषांच्या एका गठ्ठ्यात, बायकांच्या दुसऱ्या. मैत्रिणीने बायकांची एक उचलली, बोट फिरवत स्वतःच्या नावापाशी आली आणि ते मोठ्याने वाचलं. मग पाकीट मागितलं. त्यावर मराठीत, ठसठशीत अक्षरांत, भिवंडीचा पत्ता आणि त्याचं नाव.

"अगं, ही बायकांची आहे," मी म्हटलं. "त्याला पाठवायचीच तर पुरुषांची पाठव. त्यात त्याचं नाव तरी आहे."

"म्हणूनच नको," ती म्हणाली. "त्याला अरबी येते. तिकडेच तर गेला होता आम्हाला टाकून. वाचू दे, त्याच्या पोरीच्या लग्नाला कोण बोलावतंय ते."