आरतीखाली गेलेले चार प्रश्न

टू-इन-वन माझा होता, पण मुलुंडच्या आमच्या चाळीत त्यावर माझा हक्क नावापुरताच. रेडिओ आणि टेपरेकॉर्डर एकाच खोक्यात. हप्त्यावर घेतला तेव्हा हौस फार. मग हळूहळू तो बाळंतविड्यासारखा या घरातून त्या घरात फिरायला लागला. मी चिडायचे, बडबडायचे आणि पुन्हा द्यायचे. शाळेत पोरांना गणित शिकवून आल्यावर भांडायला अंगात त्राण उरायचं नाही, हे शेजाऱ्यांनी बरोबर हेरलं होतं.

तो सगळ्यात जास्त मुक्कामाला असायचा शेजारणीकडे. तिचा नवरा आखातात, एका बांधकाम कंपनीत फोरमन. ती इथेच एका औषधांच्या कारखान्यात पॅकिंगला. घरात सासू आणि चार वर्षांची मुलगी. नवऱ्याला पत्र लिहायचा भारी कंटाळा, पण बोलायला बसवा, वीज गेली तरी थांबायचा नाही. म्हणून त्यांचं सगळं कॅसेटवर चालायचं. कुणी ओळखीचं सुटीवर आलं की त्याच्या हाती टॉवेलात गुंडाळलेली कॅसेट यायची, आणि तो परत निघाला की तीच कॅसेट परत जायची. रीत ठरलेली होती. पुढची बाजू त्याची, मागची बाजू घरच्यांची.

आणि त्याचं बोलणं संपण्याचीही रीत होती. शेवटी शेवटी तो नमस्कारांना लागायचा. ‘मामांना नमस्कार, वरच्या मजल्यावरच्या काकूंना नमस्कार, पोस्टमनला नमस्कार.’ नमस्कार सुरू झाले की सासूबाई डोळे पुसायच्या आणि शेजारीण बटण दाबून टेप बंद करायची. पोस्टमनपर्यंत कोण ऐकत बसतंय!

त्या वर्षी गणपतीच्या चार दिवस आधी अशीच कॅसेट आली. भांडुपचा एक गाववाला घेऊन आला, आणि पुढच्या रविवारी तो परत निघणार होता. आम्ही सगळ्यांनी मिळून ऐकली. नमस्कार आले, टेप बंद झाली, चहा झाला.

शेजारणीला कारखान्यात रजा नव्हती म्हणून त्यांनी गणपती गावी न नेता खोलीतच बसवला होता. सासूबाईंच्या डोक्यात आलं, झिलाला, म्हणजे आखातातल्या मुलाला, घरची आरती ऐकवायची. दोन बटणं एकदम दाबली की आवाज भरतो हे त्या नुकत्याच शिकल्या होत्या, आणि शिकलेलं दाखवायची त्यांना कोण घाई! “ही बाजू आपली मा?” असं विचारत त्यांनी कॅसेट उलटी घातली, पहिल्यापासून गुंडाळून घेतली आणि दाबली दोन्ही बटणं. टाळ, झांजा, बेसूर गाणारी अख्खी चाळ. झकास भरली आरती.

दुसऱ्या दिवशी गणपती पोचवून आलो आणि आरती कशी आलीय ते ऐकायला बसलो. आरती संपली. टाळ्या वाजल्या. सासूबाईंचा आवाज आला, “आता बंद कसा करूचा गो ह्या?” खट्ट. आणि एकदम त्याचा आवाज.

“…तेवढ्या चारही गोष्टींना तुझी तयारी असली, तर पाचवं एवढंच, की मी त्या कागदावर सही करू ना? हा कॅसेट घेऊन परत येईल त्याच दिवशी कागद द्यायचाय. लांबण लावू नकोस. हो की नाही, तेवढं सांग. बाकी ठीक.”

मग नुसती खरखर.

शेजारणीने कॅसेट उलटवली, पुढच्या बाजूला शेवटचे नमस्कार शोधले आणि यावेळी बंद केलं नाही. पोस्टमन झाला, दूधवाला झाला, आणि मग तो म्हणाला, “आता मागची बाजू लाव. पाच गोष्टी विचारल्यात. एकटी असताना ऐक.”

“वाट लागली!” मी म्हटलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. आरतीने चार प्रश्न गिळले होते आणि पाचवा उरला होता. आणि त्या पाचव्याचं उत्तर रविवारी विमानात बसणार होतं. पत्र टाकून ‘काय विचारलंत ते पुन्हा सांगा’ म्हणावं तर तोवर कागद जायचा. फोन तिथे साहेबाच्या टेबलावर, आणि इथून ट्रंक कॉल कुणी मेल्याशिवाय कुणी लावत नसे.

मी शाळेत पोरांना सांगायचे, प्रश्नाचा शेवटचा भाग आधीच्या भागांवर उभा असतो, वरचं सोडून खालचं सोडवू नका. आता माझ्याच पुढ्यात तसला प्रश्न येऊन पडला होता. कसला कागद? राजीनाम्याचा? की अजून राहण्याचा? एवढंच कळत होतं की माणूस घरी येणार की नाही, हे त्या सहीवर आहे.

“माझो झील शहाणो आसा,” सासूबाई म्हणाल्या. “तो येता म्हणूनच इचारता. हो म्हणान सांग. हो म्हटल्यार माणूस घराकडे येता.”

मलाही तेच वाटत होतं. खोटं कशाला बोलू? मी तर बोटांवर मोजून चारही प्रश्न सांगून मोकळी झाले. पगार कमी मिळेल, चालेल का. इथे नोकरी शोधावी लागेल, धीर धरशील का. फ्रीज येणार नाही, रुसशील का. आणि आईचं डोळ्याचं ऑपरेशन लांबेल, तिला समजावशील का. “बघ,” मी म्हटलं, “सगळं जुळतंय. राजीनाम्याचाच कागद. चारांचीही उत्तरं दे आणि शेवटी हो म्हण.”

शेजारीण शांत होती. ती शांत झाली की मला राग येतो, कारण मग तिला काहीतरी दिसलेलं असतं.

“आणि राजीनाम्याचा नसला तर?” ती म्हणाली.

“नसायला काय झालं?”

“तुझं जुळतंय, ते तू जुळवलंस म्हणून.”

आता असं तोंडावर बोलल्यावर माणसाने काय करायचं? मी फणकारून घरी गेले. अर्ध्या तासात परत आले, टू-इन-वन माझा होता ना!

शनिवारी संध्याकाळी आम्ही उत्तर भरायला बसलो. आधी वाटलं, पहिल्यापासून भरावं. पण ती म्हणाली, “नको. आरती राहू दे, त्यांचा आवाजही राहू दे. त्याच्यापुढे मी बोलेन. म्हणजे त्यांचं किती उरलं ते त्यांना त्यांच्याच कानांनी कळेल.” मला हे सुचलं नव्हतं. त्याचं बोलणं संपतं तिथे आम्ही टेपवरचा फीत मोजणारा आकडा शून्यावर आणला, म्हणजे चुकलं तर तिथेच परत येता येईल.

आणि पहिल्यांदा चुकलंच. मी कानाशी लागले होते म्हणून तिने माझ्याच तऱ्हेने बोलायला सुरुवात केली. पैशांचं असं, नोकरीचं तसं, आईंचं अमुक, मुलीचं तमुक. सगळ्याला ‘चालेल’, ‘करीन’, ‘काळजी करू नका’. भरून झाल्यावर ऐकलं. ऐकताना तिचा चेहरा उतरत गेला.

“अगं, हे ऐकून ह्यांना वाटेल, मी कशालाही तयार आहे,” ती म्हणाली. “त्यांनी काय विचारलंय ते मला ठाऊक नाही, आणि मी हो हो करत सुटलेय.”

“मग नुसतं शेवटच्याचं सांग. हो की नाही.”

“तेही तसंच ना? सही कसली ते कुठे ठाऊक आहे?”

“मग काय आरतीच पाठवायची?” मी ओरडले.

ती हसायला लागली. मग सासूबाई हसल्या, आणि माझाही राग टिकेना. मुलगी झोपेतून उठून आली आणि कारण न कळताच हसायला लागली. हसता हसताच शेजारणीने टेप शून्याच्या आकड्यापर्यंत मागे नेली, दोन बटणं दाबली, आणि आमच्याकडे न बघता बोलली.

“अहो, मागच्या बाजूवर आईंनी आरती भरली. तुमच्यासाठीच भरली, त्यांना रागवू नका. तुमचे पहिले चार प्रश्न त्यात गेले. ‘तेवढ्या चारही गोष्टींना’ इथपासून पुढचंच मला ऐकू आलंय. त्या चारांना मी हो म्हटलेलं नाही आणि नाहीही म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेवा. ते समोरासमोर विचारा. कागद कसला तेही मला ठाऊक नाही. पण तुम्ही घरी यावं, हे मला ठाऊक आहे. दिवसभर हात कामात असतात, तेव्हा काही वाटत नाही. संध्याकाळी दार उघडते तेव्हा वाटतं. म्हणून, सही केल्यावर घरी येणार असाल, तर करा. सही केल्यावर तिथेच राहणार असाल, तर करू नका. एवढंच. बाकी ठीक.”

सासूबाईंनी पदर तोंडाला लावला. मी सुरीने कॅसेटच्या मागच्या दोन्ही खिट्ट्या तोडून टाकल्या, म्हणजे आता साक्षात गणपती आला तरी तिच्यावर काही भरता येणार नव्हतं. रविवारी गाववाला ती घेऊन गेला.

पुढे नुसती वाट बघणं. सासूबाई रोज म्हणायच्या, सरळ हो म्हणायला हवं होतं, झील गोंधळला असणार. दिवाळीला फटाके वाजले, शेजारणीने करंज्या केल्या आणि खाल्ल्या नाहीत. तुळशीचं लग्न झालं. आणि मग एका सकाळी मी शाळेला निघाले होते, तर जिन्यात दोन बॅगा, एक लोकरी ब्लँकेट आणि त्यांच्या मागे धापा टाकणारा तो.

शाळेपुरता त्या दिवशी मला ताप आला.

चहा घेऊन सगळे बसलो. मुलगी आधी लाजून दाराआड गेली, मग त्याच्या मांडीवरून उठेना. मी काही फार वेळ धीर धरणारी बाई नाही. “ते चार प्रश्न कुठले होते, ते आधी सांगा!”

तो हसला. “सांगू? कागद अजून दोन वर्षांच्या कराराचा होता. पहिलं विचारलं होतं, दोन वर्षं मधे सुटी मिळणार नाही, चालेल का. दुसरं, ही नोकरी सोडशील का. तिसरं, खोली सोडून आईला घेऊन गावी राहशील का. चौथं, मुलीला तिथल्याच शाळेत घालशील का. चारही गोष्टींना तयारी असली, तर सही करतो.”

शेजारणीने कप खाली ठेवला.

“आणि मी नुसतं हो म्हटलं असतं तर?”

“तर सही केली असती. मला वाटलं असतं, चारही पटलं तुला.”

माझे जुळवलेले चार प्रश्न आठवून मला घाम फुटला. फ्रीज म्हणे!

सासूबाई सगळ्यांआधी सावरल्या. “मी तर तेव्हाच म्हटलंय,” त्या ठणकावून म्हणाल्या, “नाय म्हण म्हणान!”

अशी हशाची उकळी फुटली की वरच्या काकू खाली बघायला आल्या. सासूबाईंना मात्र आपण काही चूक बोललो असं शेवटपर्यंत वाटलं नाही.

“पण त्या चारांचं उत्तर राहिलंच की,” हसू ओसरल्यावर तो म्हणाला. “समोरासमोर विचारा म्हणाली होतीस.”

“विचारा ना.”

“सुटीशिवाय दोन वर्षं?”

“नाही.”

“नोकरी सोडशील?”

“नाही.”

“गावी राहशील?”

ती जरा थांबली. “मे महिन्यात, पंधरा दिवस. सगळे मिळून.”

“आणि शाळा?”

तिने मुलीकडे बघितलं. मुलगी त्याच्या शर्टाचं बटण धरून बसली होती, कुणी काढून नेईल म्हणून दोन्ही हातांनी.

“शाळेत तिला सोडायला उद्यापासून तुम्ही जा,” शेजारीण म्हणाली.