एका रीलचा दर

बायको गेल्यावर तिचं रेसिपीचं चॅनल बंदच पडणार होतं. मला तिच्यासारखं गोड बोलता येत नाही, तरी मीच भाज्या करून दाखवायला लागलो. सून म्हणाली, "दादा, एखादी जाहिरात मिळाली तरच हे चालेल." तिने दोन पानांचं मीडिया किट बनवलं. चॅनल कसलं, बघणारे कुठले, एका रीलचा दर काय, सगळं त्यात होतं. बघणाऱ्यांचे आकडे मात्र बायकोच्या वेळचे होते.

"ते तिचे. माझे गेल्या महिन्याचे टाक," मी म्हटलं. आकडे निम्म्याहून खाली आले, म्हणून दरही उतरवला. मग ते घेऊन दिंडोरीत लाकडी घाण्याचं तेल काढणाऱ्या बाईंकडे गेलो.

"बाबा, आकडे लय कमी हायेत. तेलाचा डबा न्या आणि करा की रील," त्या म्हणाल्या.

"डब्यावर चॅनल चालत नाही, ताई. एका रीलचे तीन हजार, निम्मे आधी. तीच रील तुमच्या जाहिरातीत वापरली तर त्याचे पैसे वेगळे. आणि पैसे घेतलेत, हे मी व्हिडिओत सांगणार."

त्या हसल्या. मोबाईलवर माझा भरल्या वांग्यांचा व्हिडिओ उघडून खालच्या कमेंट वाचू लागल्या. "बघणारे थोडे, पण नाशिककडच्याच बाया दिसतात. किती प्रश्न विचारतात तुम्हाला! माझं गिऱ्हाईक हेच." निम्मे पैसे तिथंच मोबाईलवर आले.

"आधी तेल चाखेन. वाईट निघालं तर पैसे परत," मी म्हटलं.

त्यांच्याकडून थोडं तेल घेऊन घरी आलो आणि त्यात बायको द्यायची तशी लसणाची फोडणी दिली. तेल चांगलं होतं. सुनेला म्हटलं, "लाव मोबाईल, रील करू."