वगळलेलं नववं कलम

आखातात अकरा वर्षं कारकुनी करून मी बोरगाव मेघेला परतलो, तेव्हा सोबत आणलं ते अरबी आणि थोडा माज. आपल्याला कोण शिकवणार, असा.

जवळच्या आंजी गावातली एक सून माझ्याकडे आली. नवरा तिकडे वेल्डर. सासरा अंथरुणाला खिळलेला. कंपनी नवऱ्याला सोडत नव्हती, म्हणून त्यानं तिथल्या कामगार कचेरीत तक्रार केली होती. कचेरीला त्याचा इंग्रजी करारनामा अरबीत हवा होता.

"भाऊ, याईनं फोटो पाठवले," ती म्हणाली. "बुढा रोज विचारून राह्यला, पोरगा कधी येते म्हणून."

सायबर कॅफेत ईमेल उघडला. चौदा फोटो. पठ्ठ्यानं आधी सगळ्या पानांच्या पुढच्या बाजू काढल्या, मग मागच्या. खालचे पानक्रमांक कापलेले. एका पानाचं तुटलेलं वाक्य दुसऱ्या पानावर जुळवत मी क्रम लावला. दोन दिवस गेले. क्रम लागल्याची मला घमेंडच वाटली.

नवव्या कलमापुढे फक्त 'वगळले' एवढंच होतं. अनुवाद कशाचा करायचा? मी ते सोडून दिलं. कलमांचे आकडे कॉम्प्युटर आपोआप टाकत होता, त्यानं दहाव्याला नववं केलं आणि पुढचे सगळे एकेक आकडा मागे सरकले. पंधराव्या कलमात मात्र 'आई-वडील गंभीर आजारी असल्यास रजा आणि कलम बारानुसार तिकीट' असं होतं. तो बारा मी हातानं टाइप केला होता, तो बाराच राहिला. पुन्हा ताडून पाहिलं नाही. तिथल्या सरकारमान्य अनुवादकानंही वाचून न पाहता शिक्का मारला.

सुनावणीत कंपनीच्या माणसानं अरबी कागदातलं बारावं कलम वाचलं. ते पगारकपातीचं होतं. तिकीट अकराव्यात जाऊन बसलं होतं. मूळ कागदाशी अनुवाद जुळत नाही, म्हणून पुढची तारीख पडली. तीन आठवड्यांनंतरची.

हे तिनंच येऊन सांगितलं. चूक कोणाची, ते तिला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, माझी. तिनं ऐकलं. मला लाज वाटायला हवी होती, पण काहीच वाटलं नाही.

"आता नंबर बरोबर लावजो, भाऊ," एवढंच म्हणाली.

मी नऊ लिहिलं, पुढे 'वगळले' लिहिलं. सगळे आकडे हातानं टाकले, प्रत्येक संदर्भावर बोट ठेवून मूळ फोटोशी ताडले. नवा कागद गेला. तिकीट मंजूर झालं.

तो आला, पण म्हातारा चार दिवस आधीच गेला होता. तेरवी झाल्यावर तो पेढे घेऊन माझ्या दारात उभा.

"तुमच्या कागदामुळं आलो, भाऊ."

बायकोनं त्याला काही सांगितलं नव्हतं. ती त्याच्या मागे उभी होती, माझ्याकडे बघत. मी पेढा घेतला आणि खाल्ला.