आबांच्या फोनवरचं सबस्क्रिप्शन

सुरतेत बमरोलीच्या एका कापड प्रोसेसिंग मिलमध्ये मी अकाउंट्स सांभाळते. दुसऱ्यांच्या बिलातली चूक मला लगेच खुपते, पण स्वतःच्या क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट मी नुसती एकूण रक्कम बघून भरत होते. एका रविवारी, डिंडोलीतल्या आमच्या घरी, सहज ओळी वाचल्या आणि दोनशे नव्याण्णववर थांबले. मागचा महिना काढला, तिथेही तेच. नाव फोनमधल्या अ‍ॅप स्टोअरचं होतं. मी तर काही घेतलं नव्हतं.

"कार्ड हॅक झालं," नवऱ्याने निकाल देऊन टाकला. त्याला सगळीकडे हॅकर दिसतात.

बँकेला फोन लावला. तिथली मुलगी शांतपणे म्हणाली, "मॅडम, हे ऑटो-पे आहे. सुरू करताना तुमच्या नंबरवर आलेला ओटीपी टाकलेला आहे. पैसे कापण्याआधी दर वेळी मेसेजही गेलाय. कार्ड ब्लॉक करायचं तर करते, पण आधी फोनमध्ये सबस्क्रिप्शन्स बघा." मेसेज खरंच आले होते, साड्यांच्या सेलच्या ढिगात मी न वाचलेले. सबस्क्रिप्शन्स उघडली तर एकच नाव होतं. समोरचा माणूस बोलेल ते लिहून दाखवणारं अ‍ॅप. पहिला आठवडा फुकट, मग दर महिन्याला पैसे.

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. माझा जुना फोन मी सासऱ्यांना दिला होता, आणि त्यातून माझं खातं काढायचं राहून गेलं होतं. कार्डही त्यातच.

आम्ही त्यांना आबा म्हणतो. धुळ्याकडून तरुणपणी सुरतेला आले, बोली अजून अहिराणीच, उभा जन्म लूमच्या खडखडाटात गेला आणि कान गेले. कानाचं मशीन त्यांना सोसत नाही, नुसता गोंगाट होतो म्हणतात. घरात आम्ही त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलतो, आणि आपापसात त्यांच्यासमोर बिनधास्त.

लेकीला बोलावलं. ती नववीत आहे. "मीच घेऊन दिलं," ती म्हणाली. "ओटीपी तुझ्या फोनमधून बघितला. आबा म्हणाले, घरात सगळे माझ्यासमोर बोलतात आणि मला एकट्यालाच कळत नाही. मम्मीला सांगू नको म्हणाले. मला वाटलं फुकटच आहे."

"कधी घेतलंस?"

"आबा दवाखान्यातून आले ना, त्या आठवड्यात."

त्याच आठवड्यात आबांच्या पोटाचा रिपोर्ट आला होता. कॅन्सर, आणि तोही पसरलेला. त्यांना आम्ही अल्सर सांगितलं होतं. डॉक्टर काय म्हणाले, किती दिवस म्हणाले, गावी कुणाला कळवायचं, हे सगळं आम्ही त्यांच्याच खाटेजवळ बसून बोललो होतो. ते फोन हातात धरून असायचे. भजनं बघत असतील, असं मला वाटायचं.

लेकीवर ओरडायचं त्राणही उरलं नाही. बाहेरच्या खोलीत गेले. आबा खाटेवर बसले होते, फोन उशीला टेकवून ठेवलेला. मला बघून त्यांनी तो उलटा केला. मी शेजारी बसले, फोन सरळ केला आणि त्याच्याकडे बघून बोलले, "आबा, मला कळलं. रागावले नाही."

मोठमोठी अक्षरं उमटली. आबांनी ती ओठ हलवत वाचली आणि लहान मुलासारखे ओशाळून हसले.

त्यांनी नक्की काय काय वाचलंय ते मला माहीत नव्हतं. कदाचित त्या दिवशी फोन बंद असेल, अशी वेडी आशा होती. खोटं बोलायची सवय झाली होती, म्हणून तेच पुढे रेटलं. "हे अ‍ॅप राहू द्या तुम्हाला. वर्षाचे पैसे एकदम भरले तर स्वस्त पडतं. वर्षाचंच करून टाकते."

आबांनी वाचलं. पुन्हा एकदा वाचलं. मग माझ्या हातावर हात ठेवला.

"नको माय," ते म्हणाले. बहिऱ्या माणसाला आपला आवाज कळत नाही, त्यामुळे आतल्या खोलीपर्यंत ऐकू गेलं. "वरीसनं भरू नको. महिनाना महिनाच भर."

नवरा दारात येऊन उभा राहिला. त्याच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. आम्हाला वाटत होतं आम्ही आबांना जपतोय, आणि इतके दिवस सगळं ठाऊक असून तेच आम्हाला जपत होते. मी रडले, आणि त्यांनी मला रडू दिलं.

अल्सरचं खोटं उघडं पडेल म्हणून एक गोष्ट आम्ही कधी विचारलीच नव्हती. नवरा पुढे आला, जमिनीवर बसला, आणि फोन तोंडाजवळ धरून त्याने ती विचारली, "आबा, खूप दुखतं का?"

आबांनी वाचलं.

"रातले," ते म्हणाले. "रातले भलतं दुखस."