दैवशालाचं दुपारचं पोट

दैवशाला शाळेत पोरांची खिचडी शिजवायची. भोकरदन तालुक्यातलं छोटं गाव, सातवीपर्यंतची शाळा. वाढण्याआधी शिजवणारीनं स्वतः चव घ्यायची आणि वहीत सही करायची, असा नियम. पोरं जेवली की दैवशालाही तिथंच थाळी घेऊन बसे. तासाभरात तिचं पोट टम्म फुगायचं. थोडंथोडकं नाही, सातव्या महिन्याच्या बाईसारखं. सकाळी परत सपाट.

नवरा जाऊन चार वर्षं झालेली. मग गावाला काय सुचलं, ते सांगायला नको. तिचं सकाळचं पोट बघायला कोणी येत नव्हतं.

"चार वर्षं झाली, मी हिच्या शेजारी झोपून राह्यले," सासू आसराबाई म्हणायची. "मला इचारा की." कोणी विचारलं नाही. शाळा समितीचे अध्यक्ष काकासाहेब एवढंच म्हणाले, "दैवशाला, तू थोडे दिवस घरीच थांब. बोभाटा नको." पळी गावातल्याच बेबीनंदाच्या हातात गेली. सासू-सुनेचं घर त्या एका कामावर चालायचं.

दैवशालानं जेवणच तोडलं. वजन छत्तीस किलोवर आलं, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. शेवटी आसराबाई तिला संभाजीनगरला पोटाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. पोटावरचा उभा व्रण बघून बाईंनी विचारलं, "हे कधीचं?"

"धा वर्षं झाली. आतड्याला पीळ पडल्ता. कापून जोडलं."

बाईंनी समजावलं. जोडाच्या जागी आतडं अरुंद झालं असेल. अन्न पुढं सरकत नाही, तुंबतं. लहान आतड्यात एरवी फार जंतू नसतात, ते तिथं माजतात, तुझ्याआधी तेच जेवतात आणि वायू सोडतात. तो वायू रक्तातून फुप्फुसात येतो, म्हणून तपासणी श्वासाची. आदल्या दिवशी साधा भात, मग बारा तास उपाशी. ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दर पंधरा मिनिटांनी पिशवीत फुंकायचं.

"महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलंय का?"

"न्हाई."

घेतल्या होत्या. गावातला डॉक्टर कागदाच्या पुडीत बांधून देतो त्या गोळ्या, पाच दिवस, मागच्याच आठवड्यात. शहरात गावाकडची पुडी दाखवली की बोलणी बसतात, हे तिला ठाऊक होतं. एवढ्याशा भीतीनं तिनं स्वतःचा घात करून घेतला.

दोन तास फुंकलं. मशीनवरचा वायूचा आकडा हलला नाही. रिपोर्ट कोरा आला आणि तिच्या आधी गावात पोचला.

"मशीनच म्हणतं रोग न्हाई," बेबीनंदा नळावर म्हणाली. "मंग काय हाये?"

गावाचं तेही सोसलं असतं. पण त्या दुपारी आसराबाईनं भाकरी थापता थापता, वर न बघता विचारलं, "दैवशाला, खरं सांग. मी कोणाला सांगत न्हाई."

दैवशाला उठली. उरलेली पुडी काढून सासूपुढं टाकली. "ह्या खाल्ल्या. बाकी काई न्हाई."

दोघी पुडी घेऊन परत संभाजीनगरला गेल्या. डॉक्टरीणबाई चिडल्याच. "या गोळ्यांनी जंतू तेवढ्यापुरते दबले, म्हणून मशीन गप्प बसलं. आता चार आठवडे असली कुठलीही गोळी न घेता या."

चार आठवडे ती फुगत राहिली, घराबाहेर निघाली नाही. दुसऱ्या खेपेला पाऊण तासातच आकडा सहावरून अठ्ठेचाळीसवर गेला, जंतू सापडले. चौदा दिवस दिवसातून तीनदा गोळी, मुंग्यांसाठी बी-बाराची इंजेक्शनं. कांदा, लसूण, तूरडाळ, गहू, दूध काही आठवडे बंद. भात, ज्वारीची भाकरी, अंडं, दोडका चालेल. मग एकेक जिन्नस परत सुरू करायचा. "पण जोड तसाच आहे. परत होऊ शकतं. झालं तर लपवू नको, लगेच ये."

पोट उतरलं. महिन्यानं रिपोर्ट घेऊन दैवशाला शाळेत गेली. काकासाहेबांनी कागद उलटा-सुलटा केला. "हे इंग्रजी आम्हाला काय कळतंय? असं कर, समितीच्या बाया बसल्यात, त्यांच्यासमोर जेव. तासभर बस. पोट बराबर राह्यलं तर उद्यापासून ये."

"तुमाला लाज न्हाई का?" आसराबाई म्हणाली.

दैवशालानं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. खिचडीत तूर, कांदा, लसूण, सगळंच होतं. तिनं थाळी घेतली आणि शेवटच्या शितापर्यंत खाल्ली. मग पाठ ताठ करून, पदर बाजूला सारून बसली. सहा बाया आणि अध्यक्ष तासभर तिच्या पोटाकडे बघत राहिले. दुखलं, गुरगुरलं, पण पोट फुगलं नाही.

काम परत मिळालं. आमचं चुकलं, असं कोणी म्हणालं नाही. आता रोज चव घेऊन सही करताना तिला कळतं, की बेबीनंदा दारात उभी असते आणि तिची नजर खिचडीवर नसते. आणि अंघोळ करताना दैवशाला स्वतःही आधी पोटावर हात ठेवून बघते.