स्टेट कॉलेज ते एडिसन: आईला दाखवायच्या तीन मिनिटांसाठी

आईची बायपास सोमवारी, सांगलीत. आम्ही अमेरिकेत, व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली; गेलो तर परत येता येईलच याची खात्री नाही. मग ठरलं, आमच्या घरचा तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवायचा. माझा भाऊ मंदार तो सायबर कॅफेतून सीडीवर घेऊन रविवारी संध्याकाळी आईला दाखवणार होता. त्यात थालीपीठ हवंच, आणि भाजणी इथे स्टेट कॉलेजमध्ये मिळत नाही. म्हणून शनिवारी पहाटे नवरा संजय, चार वर्षांची इरा आणि मी एडिसनला निघालो.

इंटरस्टेट ८० या महामार्गावर बर्फ भुरभुरत होता. एरवी चार तासांचा रस्ता, पाच लागले. बाजूने ट्रक गेला की काच पांढरी व्हायची. मांडीवरच्या वहीत दोन रकाने होते: डावीकडे काय दिसणार, उजवीकडे काय ऐकू येणार. एडिटिंगला वेळ नव्हता, त्यामुळे ज्या क्रमाने दिसायचं त्याच क्रमाने शूट करायचं.

शेवटचं वाक्य मी मोठ्याने वाचलं, "आई, घाबरू नकोस."

"ते काढ," संजय म्हणाला. "ऐकून आई जास्तच घाबरतील. आठवण येते म्हण. आणि तेव्हा कॅमेरा वाढलेल्या पानावर ठेवू, तुझ्या तोंडावर नको. तू रडशील."

वहीतल्या बर्फाच्या रस्त्यावरही मी काट मारली.

एडिसनच्या देशी बाजारात, ओक ट्री रोडवर, पार्किंगसाठी तीन चकरा मारा, मगच जागा मिळते. सहा डॉलरची पावभाजी छान होती म्हणे, माझी इरानेच संपवली. दुकानात भाजणी घेतली, चाळीस सेकंद नुसत्या भाज्या आणि गर्दीचा आवाज टिपला. कॅमेरा पाहून गल्ल्यावरच्या काकूंनी विचारलं, "शूटिंग कुणासाठी?"

"आईसाठी. ऑपरेशन आहे तिचं."

काकूंनी कढीपत्त्याची जुडी पिशवीत टाकली आणि पैसे घेतले नाहीत.

चारला घरी. थालीपीठ, लोणी, काकडीची कोशिंबीर, लोणचं. "आजी, लवकर बरी हो" हे इराचं ठरलेलं वाक्य. थालीपीठ चावत ती म्हणाली, "आजी, आय एट थ्री!" तेच ठेवलं. मग पान. अर्धा मिनिट फक्त पान, आणि मागून माझा आवाज, "आई, तुझी फार आठवण येते." आवाज फाटला, पण पुन्हा घेण्याइतका धीर नव्हता. संजयने विद्यापीठाच्या लॅबमध्ये जाऊन फाईल अपलोड केली.

रविवारी आमच्या सकाळी मंदारचा फोन आला: आईने व्हिडिओ दोनदा पाहिला, बोलली काहीच नाही. मी हादरले. आपण तिला आणखी दुखवलं, आणि आता ते विचारायलाही ती उरली नाही तर? ऑपरेशन झाल्याचं कळलं, तरी तिचा आवाज ऐकेपर्यंत माझा कशावर विश्वास बसेना.

बुधवारी मंदारने फोन तिच्या कानाला लावला. आवाज अगदी बारीक होता.

"पानात मीठ वाढलं नव्हतंस."

मी ओट्याला टेकून हमसून रडले. प्रवासाला पेट्रोलचे पन्नास डॉलर लागले, भाजणी कधीच संपली. तेव्हापासून पान मांडलं की मी सगळ्यात आधी मीठ वाढते.